व्याजदर, वाढीचा दर आणि केंद्राचे कर्ज : २०२०-२१ ते २०२४-२५ या वर्षांचे प्रकरण

मार्च २०२० अखेर केंद्र सरकारचे एकूण कर्ज आणि इतर देणी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, सुमारे ५२ टक्के होती. पुढच्या एका वर्षात हे प्रमाण सुमारे साडेएकसष्ट टक्क्यांवर गेले. त्यानंतर सरकारने दरवर्षी मोठी तूट सोसली, दरवर्षी नवे कर्ज काढले आणि कर्जाची रक्कम लाखो कोटींनी वाढत राहिली, तरीही दोन वर्षांत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास उतरले. कर्ज वाढत असताना त्याचे उत्पादनाशी असलेले प्रमाण घटते कसे, आणि ही घट पुढेही टिकेल असे मानण्यास कितपत आधार आहे, हे या लेखात त्या वर्षांचे आकडे प्रत्यक्ष मांडून तपासले आहे. विवेचन केंद्र सरकारपुरते मर्यादित आहे. राज्यांचे कर्ज मिळवले तर पातळी बरीच वर जाते, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

ही रीत जुनी आहे. अर्थतज्ज्ञ एव्हसी डोमार यांनी १९४४ साली युद्धकालीन कर्जाचा विचार करताना दाखवून दिले होते, की कर्जाचा भार किती हा प्रश्न राष्ट्रीय उत्पन्न कोणत्या गतीने वाढते यापासून वेगळा काढता येत नाही. आज वापरात असलेले सूत्र असे आहे :

```
d1 = d0 × (1 + r) / (1 + g) + p
```

यात d0 म्हणजे वर्षाच्या आरंभी असलेले कर्जाचे जीडीपीशी प्रमाण आणि d1 म्हणजे वर्षअखेरचे प्रमाण. r हा जुन्या कर्जावर सरकारला प्रत्यक्ष भरावा लागणारा सरासरी व्याजदर, g हा चालू किमतींनुसार मोजलेला जीडीपीच्या वाढीचा दर, आणि p म्हणजे जीडीपीच्या प्रमाणात मोजलेली प्राथमिक तूट. कर्ज सोडून मिळणाऱ्या जमेपेक्षा सरकार जो जास्तीचा खर्च करते ती राजकोषीय तूट, आणि तीतून व्याजाचा खर्च वगळल्यावर उरते ती प्राथमिक तूट. जुने कर्ज व्याजाने फुगते आणि त्याच वेळी भाजक असलेले उत्पादनही वाढते. या दोहोंपैकी कोण पुढे जाते यावर सूत्राचा पहिला भाग ठरतो, आणि सरकार या वर्षी व्याजाशिवाय किती जास्तीचे खर्चते हे दुसरा भाग सांगतो. r पेक्षा g मोठा असेल तर सरकारला काही मर्यादेपर्यंत प्राथमिक तूट ठेवूनही प्रमाण स्थिर राखता येते. ती मर्यादा d0 ला g आणि r यांच्यातील फरकाने गुणून (1 + g) ने भागले की मिळते. तिला येथे समतोल तूट म्हणू. प्रत्यक्ष प्राथमिक तूट समतोल तुटीपेक्षा जास्त झाली की कर्जाचे प्रमाण वाढते, आणि g पेक्षा r मोठा झाला तर प्रमाण नुसते थांबवण्यासाठीही प्राथमिक शिल्लक, म्हणजे व्याज सोडून इतर खर्चापेक्षा जास्त जमा, लागते.

आकडे भरण्याआधी दोन खबरदाऱ्या घ्यायला हव्यात, कारण या विषयावरच्या चर्चेतील बहुतेक चुका येथेच होतात. पहिली गोष्ट, व्याजदर आणि वाढीचा दर एकाच मापाचे हवेत. वृत्तपत्रांत ठळकपणे छापला जाणारा वाढीचा दर स्थिर किमतींनुसार असतो, तर सरकार व्याज भरते ते चालू रुपयांत, त्यामुळे एक दर महागाईसह आणि दुसरा महागाई वगळून घेतला की निष्कर्ष उलटासुद्धा होऊ शकतो. दुसरी गोष्ट, येथे r म्हणून बाजारातील दहा वर्षांच्या रोख्याचा त्या दिवसाचा दर चालत नाही. सरकारच्या थकीत कर्जात अनेक वर्षांपूर्वी वेगवेगळ्या दरांनी विकलेले रोखे असतात आणि त्यांचे व्याज ठरलेल्या दरानेच द्यावे लागते. म्हणून वर्षभरात भरलेल्या एकूण व्याजाला वर्षारंभीच्या कर्जाने भागून मिळणारा दर घेणे सर्वांत प्रामाणिक ठरते.

आता २०२०-२१ हे वर्ष घेऊ. आरंभीचे कर्ज सुमारे १०५ लाख कोटी रुपये होते आणि त्या वर्षी केंद्राने ६.८० लाख कोटी रुपये व्याज भरले, म्हणजे r सुमारे ६.५ टक्के. महासाथीतील टाळेबंदीमुळे चालू किमतींचा जीडीपी सुमारे २०१ लाख कोटींवरून सुमारे १९८ लाख कोटींवर आला, म्हणजे g उणे १.४ टक्के. राजकोषीय तूट १८.१८ लाख कोटी होती. तीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट ११.३८ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ५.७ टक्के, निघते. सूत्रात ५२ ला १.०६५ ने गुणून ०.९८६ ने भागल्यास ५६.२ मिळतात आणि त्यात ५.७ मिळवल्यास ६१.९. प्रत्यक्षात प्रमाण साडेएकसष्टच्या आसपास गेले. एवढ्या साध्या सूत्राने एवढ्या विस्कळीत वर्षाचा हिशेब अर्ध्या टक्क्याच्या आत लागतो, याची नोंद घेण्यासारखी आहे.

या वाढीची फोड केली तर महत्त्वाचे काही हाती लागते. सुमारे दहा टक्क्यांच्या वाढीतील ५.७ टक्के नव्या खर्चामुळे आले, तर ४.२ टक्के काहीही नवे न करता, केवळ व्याज चालू राहिले आणि उत्पादन आक्रसले म्हणून आले. त्या वर्षी उत्पादन नेहमीसारखे दहा टक्क्यांनी वाढले असते, तर सूत्राच्या पहिल्या भागामुळे प्रमाण ५२ वरून ५०.३ वर उतरले असते. म्हणजे वाढ कोसळल्यामुळे झालेले नुकसान ५.८ ते ५.९ टक्क्यांचे आहे आणि ते संपूर्ण प्राथमिक तुटीएवढे भरते. त्या काळातील सार्वजनिक वादात सारे लक्ष सरकारने किती खर्च केला किंवा करायला हवा होता यावर राहिले. भाजकाने तेवढेच काम केले, हे फारसे कोणी बोलले नाही, आणि माझ्या मते त्या वादातील ही सर्वांत मोठी उणीव होती. अशा वर्षी खर्च कापून प्रमाण रोखायचे म्हटले असते, तर ४.२ टक्क्यांची प्राथमिक शिल्लक आणावी लागली असती. प्रत्यक्षात असलेल्या ५.७ टक्के तुटीपासून तेथपर्यंत जाणे म्हणजे जवळपास दहा टक्क्यांची काटछाट, आणि त्या काटछाटीने उत्पादन आणखी खाली गेले असते, म्हणजे g आणखी घसरून लक्ष्य पुन्हा दूर सरकले असते.

५.७ टक्क्यांच्या तुटीबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. त्या वर्षी अन्न अनुदानाचा खर्च ५.४१ लाख कोटी दाखवला गेला, जो आधीच्या वर्षी १.०९ लाख कोटी होता. मोफत धान्याची योजना हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की आधीची अनेक वर्षे अनुदानाची पूर्ण रक्कम अर्थसंकल्पातून न देता भारतीय अन्न महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावले जात होते, आणि ती थकबाकी या वर्षी फेडून अर्थसंकल्पात आणली गेली. म्हणजे मागील वर्षांची कमी दाखवलेली तूट या वर्षात उमटली. उलट दिशेचे उदाहरणही त्याच वर्षातले आहे. वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी केंद्राने १.१० लाख कोटी रुपये उचलून राज्यांना जसेच्या तसे कर्ज म्हणून दिले, आणि ही रक्कम केंद्राच्या राजकोषीय तुटीत धरली गेली नाही. तूट आणि कर्जातील वाढ तंतोतंत जुळत नाहीत, त्याची कारणे अशी असतात. फरक लहान असेल तर दुर्लक्ष चालते, पण एखाद्या वर्षी सूत्राचे उत्तर आणि जाहीर झालेले प्रमाण यांत दोन-तीन टक्क्यांचे अंतर दिसले, तर ताळेबंदाबाहेर काहीतरी ठेवले गेले आहे किंवा बाहेरचे आत आणले गेले आहे असे समजून शोध घ्यावा.

पुढचे वर्ष, २०२१-२२, वाचताना अधिक सावध राहायला हवे, कारण त्यातील आकडे सुखावणारे आहेत. व्याज ८.०५ लाख कोटी, म्हणजे r सुमारे ६.६ टक्के. प्राथमिक तूट जीडीपीच्या ३.३ टक्के. जीडीपी मात्र सुमारे २३६ लाख कोटींवर पोहोचला, म्हणजे g जवळपास १९ टक्के. ६१.५ ला १.०६६ ने गुणून १.१९ ने भागले की ५५.१ येतात, त्यात ३.३ मिळवले की ५८.४. प्रत्यक्ष प्रमाण ५९ च्या किंचित खाली होते. त्या वर्षीची समतोल तूट ६.४ टक्के निघते, म्हणजे सरकारने ३.३ टक्क्यांऐवजी सहा टक्के प्राथमिक तूट ठेवली असती तरीही प्रमाण वाढले नसते.

पण हे १९ टक्के आले कोठून? स्थिर किमतींनुसार वाढ साडेनऊ ते दहा टक्क्यांच्या दरम्यान होती, आणि तीसुद्धा आदल्या वर्षीच्या खड्ड्यातून वर येताना. उरलेली जवळजवळ अर्धी वाढ किमतींची होती, कारण त्या वर्षी घाऊक किमती सुमारे १३ टक्क्यांनी चढल्या होत्या आणि जीडीपीच्या किंमत-निर्देशांकात घाऊक किमतींचा वाटा मोठा असतो. कर्ज रुपयांत आणि ठरलेल्या व्याजदराने घेतलेले असल्यामुळे किमती अनपेक्षितपणे वाढल्या की भाजक फुगतो आणि अंशातील जुने कर्ज जागच्या जागी राहते. त्याच वर्षी g दहा टक्केच असता आणि सरकारने रुपयांत तेवढीच तूट ठेवली असती, तर प्राथमिक तूट जीडीपीच्या ३.६ टक्के झाली असती आणि प्रमाण ६१.५ वरून ६३ च्या वर गेले असते. तेच सरकार, तोच खर्च, तीच वसुली धरूनही केवळ वाढीच्या दरामुळे घट होते की वाढ हे ठरले. म्हणून २०२१-२२ मधील घट ही राजकोषीय शिस्तीचे फळ होती असे म्हणणे मला पटत नाही. करवसुली खरोखर सुधारली होती, पण प्रमाण खाली आणले ते मुख्यतः भाजकाने.

२०२२-२३ मध्ये हेच चित्र सौम्य रूपात दिसते. g सुमारे १४ टक्के, r सुमारे ६.७ टक्के, प्राथमिक तूट ३ टक्के, आणि प्रमाण ५८ च्या जवळ. दोन वर्षांत g आणि r यांच्यातील अंतर साडेबारा टक्क्यांवरून साडेसातवर आले होते.

येथे r बद्दल थोडे थांबले पाहिजे. महासाथीच्या काळात भारतीय रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देण्याचा आपला दर, ४ टक्क्यांवर आणला होता आणि २०२०-२१ मध्ये केंद्राने विकलेल्या नव्या रोख्यांचा भारित सरासरी दर ५.७९ टक्के होता, जो सतरा वर्षांतला सर्वांत कमी होता. पुढे २०२२ च्या मे महिन्यापासून रेपो दर वाढवत नेऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्क्यांवर आणला गेला आणि २०२२-२३ मधील नव्या रोख्यांचा सरासरी दर ७.३२ टक्के झाला. नव्या कर्जाचा दर दोन वर्षांत दीड टक्क्याने चढला, तरी एकूण कर्जावरचा r साडेसहा-पावणेसातच्या पुढे गेला नाही. केंद्राच्या थकीत रोख्यांची सरासरी उर्वरित मुदत अकरा वर्षांहून अधिक असल्यामुळे दरवर्षी कर्जाचा लहानसा हिस्साच नव्या दराला येतो, आणि परकीय चलनातील कर्जाचा वाटा फार थोडा असल्यामुळे रुपया घसरला म्हणून अंश एकदम फुगत नाही. ज्या देशांवर कर्जाचे संकट कोसळले तेथे बहुधा या दोहोंपैकी एक कवच नव्हते. मात्र हे कवच दोन्ही बाजूंनी काम करते. महाग दराने घेतलेले रोखेही तेवढीच वर्षे सोबत राहतात आणि पुढे बाजारदर उतरला तरी r सावकाशच उतरतो.

शिवाय भारतातील r हा पूर्णपणे खुल्या बाजारात ठरलेला दर नाही. बँकांना आपल्या ठेवींचा १८ टक्के हिस्सा वैधानिक रोखता प्रमाण म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी हेही बांधील ग्राहक आहेत, आणि २०२०-२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः खुल्या बाजारातून ३.१३ लाख कोटी रुपयांचे रोखे निव्वळ खरेदी केले. या व्यवस्थेमुळे r खाली राहतो आणि कर्जाचे प्रमाण आटोक्यात राहायला मदत होते, पण त्याची किंमत कोणीतरी मोजतो. त्या वर्षी ग्राहक किमतींची सरासरी महागाई ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँकांच्या मुदत ठेवींवर पाच-साडेपाच टक्के मिळत होते. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाच्या बचतीचे मोल घटले, आणि अनुकूल म्हणून गणले जाणारे r-g अंतर काही अंशी त्याच्याकडून आले. अंतर अनुकूल आहे म्हणून कर्ज फुकट आहे असा युक्तिवाद ऐकू येतो तेव्हा ही बाजू डोळ्यांआड होते, याची मला मनापासून खंत वाटते.

आणखी एक मर्यादा आहे. सूत्र कर्जाची तुलना उत्पादनाशी करते, सरकार मात्र व्याज महसुलातून भरते. २०२०-२१ मध्ये केंद्राची महसुली जमा १६.३४ लाख कोटी होती आणि व्याजाने त्यातील सुमारे ४२ टक्के घेतले. प्रमाण ५८ वर उतरल्यानंतरही हा हिस्सा एकतृतीयांशाच्या वरच राहिला. अंतर अनुकूल असूनही शाळा, रस्ते आणि आरोग्य यांसाठी हात आखडता का राहतो, याचे उत्तर कर्जाच्या प्रमाणात सापडत नाही, ते या हिश्शात सापडते.

२०२४-२५ पर्यंत असाधारण वर्षांचा प्रभाव ओसरला होता. २०११-१२ पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेनुसार चालू किमतींची वाढ ९.८ टक्के नोंदली गेली, r सुमारे ६.५ टक्के होता आणि आरंभीचे प्रमाण सुमारे ५७. यावरून समतोल तूट १.७ टक्के निघते. प्रत्यक्ष राजकोषीय तूट ४.८ टक्के आणि व्याज ३.४ टक्के, म्हणजे प्राथमिक तूट १.४ टक्के. ती २०२०-२१ च्या मानाने चौपटीने कमी आहे आणि या घटीचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे, कारण ही खरी दुरुस्ती होती. तरीही एवढ्या प्रयत्नाने प्रमाण वर्षात फक्त ०.३ टक्क्याने उतरावे असा हिशेब येतो. २०२१-२२ मध्ये ३.३ टक्क्यांच्या तुटीने जे सहज साधले, ते १.४ टक्क्यांच्या तुटीने जेमतेम साधते.

मग प्रमाण पुन्हा कधी वाढू लागेल? महागाई आटोक्यात येऊन चालू किमतींची वाढ ८.५ टक्क्यांवर आली आणि २०२२-२३ च्या महाग रोख्यांमुळे r ६.८ टक्क्यांवर गेला, एवढीच कल्पना करू. यात मंदी नाही, संकट नाही, उलट महागाई उतरणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण समतोल तूट ०.९ टक्क्यावर येते, आणि १.४ टक्क्यांची प्राथमिक तूट तशीच राहिली तर प्रमाण दरवर्षी अर्ध्या टक्क्याने वाढू लागते. स्थिर किमतींनुसार साडेसहा टक्के वाढ होत असतानाही हे घडू शकते, कारण किंमत-निर्देशांक दोन टक्क्यांनी वाढला तर g साडेआठच्या फारसा पुढे जात नाही. स्थिर किमतींच्या वाढीच्या बातम्या उत्साहवर्धक असताना कर्जाचे प्रमाण रेंगाळण्याचे कारण बहुधा येथेच असते.

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पासोबत असे जाहीर केले, की २०२६-२७ पासून दरवर्षीच्या तुटीच्या आकड्याऐवजी कर्जाच्या प्रमाणाला मुख्य लक्ष्य मानले जाईल आणि मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांवर, एक टक्का इकडे किंवा तिकडे, आणले जाईल. आरंभ ५६ च्या सुमारास धरला तर पाच वर्षांत सहा टक्के, म्हणजे दरवर्षी सरासरी १.२ टक्के घट हवी. g ९.८ आणि r ६.५ राहिले तर समतोल तूट १.७ टक्के, आणि त्यातून १.२ वजा केले की प्राथमिक तुटीला ०.५ टक्क्याचीच जागा उरते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ०.८ टक्के अंदाजली होती. g साडेदहापर्यंत गेला तर एवढ्यात भागते. तो नऊच्या आसपास राहिला तर समतोल तूट १.३ टक्क्यांवर येते आणि प्राथमिक तूट जवळपास शून्यावर आणावी लागते. लक्ष्य प्रमाणाचे ठेवल्यामुळे वाढीच्या अंदाजाला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येते, म्हणून अर्थसंकल्पात चालू किमतींच्या वाढीचा जो दर गृहीत धरला असेल तो आधी पाहावा. त्यातून सरासरी व्याजदर वजा करावा, आरंभीच्या प्रमाणाने गुणावे, (1 + g) ने भागावे, आणि आलेल्या समतोल तुटीशेजारी सरकारने मांडलेली प्राथमिक तूट ठेवावी. गृहीत दरातून एक टक्का कमी करून हाच हिशेब पुन्हा केला, आणि तेव्हा प्राथमिक तूट समतोल तुटीच्या वर जात असेल, तर त्या अर्थसंकल्पातील कर्जाची घट वाढीच्या अंदाजावर उभी आहे.